पूर आला, रूम बंद, आणि हातात 23 बुकिंग

भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठाला मामाचं छोटं कृषी पर्यटन आहे, 9 रूम, एक लॉन, जेवणाला चुलीवरचं भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. बुकिंगचं सगळं मी बघतो, फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि दोन पोर्टलवर. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, पोळ्याच्या दोन दिवस आधी, नदीचं पाणी आवारात घुसलं आणि प्रॉपर्टी बंद करावी लागली. त्यानंतरच्या महिनाभरात आधीच्या बुकिंगवाल्यांना काय कळवलं, कसं कळवलं, कुठे माती खाल्ली आणि नंतर काय बदललं, ते सगळं इथे लिहितोय. नदीकाठी धंदा असणाऱ्याला कधी ना कधी हे करावंच लागतं म्हणून.

आधी पुराचं थोडं सांगतो, कारण नोटिशीत ते लागतं. आमच्याकडे त्या दिवशी पाऊस नव्हताच म्हणलं तरी चालेल. गिरणा वर कळवणच्या बाजूने येते, मालेगावला मोसम तिला मिळते, मग नांदगाव तालुक्यात धरण. हे धरण काही दरवर्षी भरत नाही, त्यामुळे खालचे लोक निर्धास्त असतात. पण भरलं आणि वर पाऊस चालू राहिला की दरवाजे उघडतात, आणि धरणाच्या खाली जे नाले-नद्या मिळतात त्यांचं पाणी वेगळंच. रात्री दीड वाजता जिभाऊंचा फोन, "भाऊ, पाणी उनं," म्हणजे पाणी आलं. जिभाऊ म्हणजे आमचे राखणदार, वीस वर्षं नदी बघत आलेला माणूस. मी पोहोचलो तेव्हा लॉनवर गुडघाभर पाणी होतं आणि फरशी दिसतच नव्हती (फरशी म्हणजे गावाकडे यायचा तो ठेंगणा पूल). तीन रूममध्ये पाहुणे होते, त्यांना ट्रॅक्टरवर बसवून गावात मामाच्या चुलतभावाकडे नेलं, बैल आधीच वर बांधले होते. पहाटेपर्यंत खालच्या सहा रूममध्ये पाणी, किचनमध्ये पाणी, विहीर गढूळ, आणि बुकिंगचं रजिस्टर टेबलासकट तरंगत होतं.

रजिस्टर गेलं तरी माझ्याकडे शीट होती मोबाईलमध्ये. नाहीतर इथेच गोष्ट संपली असती. शीटमध्ये पुढच्या पाच आठवड्यांच्या 23 बुकिंग. 17 थेट आमच्याकडे फोन-व्हॉट्सॲपवरून आलेल्या, 5 पोर्टलवरून, आणि 1 रोख पैसे देऊन गेलेल्या म्हाताऱ्या आबांची. त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

यातली एक पोर्टल बुकिंग पहाटे 5 वाजून 20 मिनिटांनी आली होती. म्हणजे आम्ही गाद्या माळ्यावर चढवत होतो आणि पोर्टल कोणालातरी 3 सप्टेंबरची रूम विकत होतं, कन्फर्मेशनचा ईमेलही गेला बिचाऱ्याला. ही पहिली चूक आणि ती अगदी साधी आहे. पाहुण्यांना कळवायच्या आधी दुकानाचं शटर खाली ओढायचं असतं. पोर्टलच्या ॲपमध्ये कॅलेंडर उघडून तारखा बंद करायच्या, दोन मिनिटांचं काम, मोबाईलवरून होतं. मी ते सकाळी साडेआठला केलं. तोपर्यंत एकच बुकिंग आली हे नशीब. अगदी गणपतीच्या आदल्या दिवशी असतं तर चार आल्या असत्या.

आता दुसरी चूक, ही मोठी. सकाळी सहा वाजता चिखलात उभं राहून मी व्हॉट्सॲपवर सगळ्या 17 जणांची ब्रॉडकास्ट लिस्ट केली आणि हा मेसेज टाकला:

"नमस्कार, नैसर्गिक आपत्तीमुळे आमचे केंद्र पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. आपल्या बुकिंगबाबत लवकरच कळविण्यात येईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मेसेज गेला, मी मोकळा झालो असं वाटलं, आणि फावडं हातात घेतलं. पावणेबाराला फोन. नाशिकच्या ताई, दोन रूम, दोन रात्री, त्याच दिवशीचं चेक-इन. "आम्ही चाळीसगावला चहाला थांबलोय, तासाभरात पोहोचतो, जेवण तयार ठेवाल ना?" मला आधी वाटलं त्यांनी मेसेज वाचला नसेल. वाचायला तो पोहोचायला तर हवा. व्हॉट्सॲपचं ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच मिळतं ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, आणि एकदा राहायला येणारा माणूस हॉटेलवाल्याचा नंबर कशाला सेव्ह करतो? मेसेजवर दाबून धरून इन्फो उघडलं तर डिलिव्हर्डखाली 6 नावं. 17 पैकी 6. बाकी 11 जणांना पत्ताच नव्हता आणि मी पावणेसहा तास समजत होतो की सगळ्यांना कळवलंय. म्हणून आता ब्रॉडकास्ट आमच्याकडे बंद. प्रत्येकाला वेगळा मेसेज टाकायचा, मजकूर तोच कॉपी करून, आणि दोन निळ्या किंवा निदान दोन राखाडी टिका दिसल्याशिवाय त्या नावापुढे शीटमध्ये खूण करायची नाही. एकच टीक असेल तर फोन. फोन नाही लागला तर साधा एसएमएस, कारण पूरपावसात प्रवासातल्या माणसाचा नेट बंद असतो पण एसएमएस कसातरी जातो.

खरं तर पहिल्या तीन दिवसांत येणाऱ्यांना मेसेज नाहीच पाठवायचा आधी, त्यांना फोनच करायचा. लेखी नंतर. त्या दिवशी मी जेव्हा शीट पुन्हा उघडली तेव्हा 23 चे तीन ढीग केले: पुढच्या तीन दिवसांत येणारे 6, त्यानंतर 20 सप्टेंबरपर्यंतचे 9, आणि 20 नंतरचे 8. पहिल्या सहांना दुपारी एकपर्यंत फोन झाले, मी चार केले, मामाने दोन, जे त्याच्या ओळखीतले होते. मामाचे फोन लांबतात, पुराची सगळी कथा सांगतो, पण समोरचा माणूस चिडत नाही हेही खरं.

एका पुण्याच्या काकांना मात्र आमचं खोटंच वाटलं. त्यांचा भाऊ जळगावात, त्याला फोन लावून काकांनी विचारलं तर तो म्हणाला इथे कडक ऊन पडलंय, कसला पूर! आणि त्याचं चुकलं नव्हतं, जळगाव शहरात ऊनच होतं. काकांना वाटलं आम्ही जास्त पैसे देणारा ग्रुप घेतला आणि त्यांना कटवलं, असे प्रकार होतात त्यामुळे त्यांचाही दोष नाही. "नैसर्गिक आपत्ती" या शब्दांत काहीच कळत नाही. तिथे एक वाक्य साधं लिहिलं असतं, की वरच्या भागात पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं, नदीचं पाणी खालच्या रूममध्ये आणि विहिरीत गेलं, गावाकडचा फरशी पूल पाण्याखाली आहे, तर काकांनी भावाला फोनच केला नसता. एक फोटो जोडला तरी पुरतो, लॉनवर पाणी आणि मागे आमचा बोर्ड दिसेल असा. दहा फोटो नको, आणि बाहेर काढलेल्या पाहुण्यांचे फोटो तर अजिबात नको.

आता नाशिकच्या ताई, कारण दुसरीकडे पाठवणं म्हणजे नेमकं काय ते यांच्या हिशोबात नीट दिसतं. लहान पोरं सोबत, दुसऱ्या दिवशी अजिंठा बघायचा प्लॅन. परत जा म्हणणं बरोबर नव्हतं. फर्दापूरच्या बाजूला एका ओळखीच्या लॉजवाल्याला फोन केला, दोन रूम आहेत म्हणाला, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे यायचा रस्ता चालू आहे का हे त्यालाच विचारून घेतलं, कारण एका पुरातून काढून दुसऱ्या पुरात पाठवण्यात अर्थ नाही. आमचा दर रूमला रात्रीचे 2800, त्याचा 3400. ताईंचं आमच्याकडे 2 रूम, 2 रात्री म्हणजे 11,200, त्यातले निम्मे 5,600 ॲडव्हान्स आलेले. तिकडे बिल होणार 13,600. आम्ही लॉजवाल्याला लगेच 8,000 पाठवले, म्हणजे ताईंचे 5,600 आणि वरचा फरक 2,400 आमच्या खिशातून. ताईंना तिकडे भरायला उरले 5,600, जेवढे आमच्याकडे भरायचे होते तेवढेच. त्यांना खिशातून एक रुपया जास्त नाही आणि "आधी तुम्ही तिकडे भरा, मग आम्ही परत करू" हा प्रकार नाही.

मामाला ते 2,400 खटकले. पण त्याच दिवशी वाटेत असलेल्या माणसाला फरक आपण द्यायचा आणि आठवडाभर वेळ असलेल्याला नाही, असा नियम आम्ही नंतर बसवला, कारण वेळ असलेला माणूस स्वतः शोधू शकतो, वाटेतला नाही. त्या लॉजवाल्याशी आता तोंडी ठरलंय की त्याच्याकडे काही झालं तर आम्ही, आमच्याकडे झालं तर तो, कमिशन कोणी घ्यायचं नाही. हे ठरवायला पावसाळ्याच्या आधीचा मे महिना बरा, पुराच्या दिवशी सगळेच लॉजवाले दर वाढवून बसतात.

संध्याकाळी मामा, मामी आणि मी गावातल्या घरी बसलो आणि खरा वाद झाला तो पैशांवरून. 15 बुकिंग तर रद्द होणारच होत्या, त्यांचा ॲडव्हान्स साठ हजारांच्या आसपास, आणि मामाचं म्हणणं की पैसे परत द्यायचे तर गाद्या कशातून आणायच्या, सगळ्यांना तारीख बदलून द्या, पैसे आपल्याकडेच राहतील. मामाचं दुखणं मला कळत होतं, 12 गाद्या भिजल्या होत्या आणि कापसाची गादी पुराच्या पाण्यात भिजली की वाळवून वापरता येत नाही, ती फेकायचीच. शिवाय आमच्या बुकिंगच्या अटींत लिहिलेलं होतं, "ॲडव्हान्स परत मिळणार नाही."

मामीचा भाऊ वकील आहे, त्याला फोन लावला. त्याने सांगितलं ती अट पाहुणा स्वतः आला नाही तर लावा, पण खोली तुम्हीच देऊ शकत नसाल तर ती धरून बसू नका. 1872 चा करार कायदा, कलम 56 म्हणजे काम अशक्य झालं की करार गळतो, आणि कलम 65 म्हणजे त्या करारात घेतलेला फायदा परत करायचा. कायद्यातच उदाहरण आहे म्हणे, एक गायक कार्यक्रमासाठी 1000 रुपये आगाऊ घेतो आणि आजारी पडतो, गाऊ शकत नाही. कार्यक्रम बुडाल्यामुळे समोरच्याचा जो नफा गेला तो त्याने भरून द्यायचा नाही, पण 1000 रुपये मात्र परत करायचे. मामा हे ऐकून गप्प झाला. त्याला तमाशाच्या सुपाऱ्यांचा अनुभव आहे, लगेच पटलं. म्हणजे पाहुण्याचं रेल्वेचं तिकीट वाया गेलं ते आमच्यावर नाही, पण आमच्याकडे आलेला ॲडव्हान्स पूर्ण परत.

तारीख बदलून घ्यायला मग मनाई नाही, उलट पाच जणांनी आनंदाने घेतली. फक्त ती पाहुण्याने निवडायची, आपण लादायची नाही. आणि ज्याचं उत्तरच आलं नाही त्याचे पैसे क्रेडिट म्हणून पडून ठेवायचे नाहीत, परत करायचे. आधी मी उलटं लिहिणार होतो, "उत्तर न आल्यास रक्कम पुढील बुकिंगसाठी जमा धरली जाईल." मामीच्या वकील भावाने ते खोडायला लावलं. आता मागे वळून बघितलं तर भांडण झालं असतं ते त्याच एका ओळीवर.

रात्री दहाला बसून दुसरी नोटीस लिहिली, तीच 31 तारखेपर्यंत सगळ्यांना एकेक करून गेली. ही मधल्या ढिगाची, म्हणजे 20 सप्टेंबरपर्यंत येणाऱ्यांची:

"नमस्कार ताई/दादा, तुमची 6 आणि 7 सप्टेंबरची 1 रूमची बुकिंग आमच्याकडे आहे, ॲडव्हान्स 2,800 मिळालेला आहे. धरणातून पाणी सोडल्यामुळे गिरणेचा पूर आमच्या खालच्या रूममध्ये, किचनमध्ये आणि विहिरीत आला. कोणाला इजा नाही. आम्ही 20 सप्टेंबरपर्यंत बंद आहोत, त्यामुळे तुमची बुकिंग आम्हाला पाळता येणार नाही, माफ करा. तुमच्यासमोर तीन मार्ग आहेत. एक, पूर्ण 2,800 परत, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, तुम्ही कळवल्यापासून 3 दिवसांत. दोन, तारीख बदल, पुढच्या 31 ऑगस्टपर्यंत कधीही, याच दरात. फक्त दिवाळीचा आठवडा आणि 24 डिसेंबर ते 1 जानेवारी सोडून. तीन, त्याच तारखेला दुसरीकडे राहायचं असेल तर ओळखीच्या दोन ठिकाणांचे नंबर देतो, ॲडव्हान्स तिकडे वळवतो, दरात फरक असेल तो तुमच्याकडे. 3 सप्टेंबर संध्याकाळपर्यंत 1, 2 किंवा 3 एवढंच लिहून पाठवा. काही कळवलं नाही तर पैसे परत करू. फोन करायचा असेल तर सकाळी 10 ते 1 करा, बाकी वेळ आम्ही चिखल काढतोय."

शेवटची ओळ मामीची. मी काढणार होतो, पण लोकांना तीच आवडली बहुतेक, तीन जणांनी "मदतीला येऊ का" म्हणून लिहिलं, एक तर पाचोऱ्याहून खरंच फावडं घेऊन आला.

"1, 2 किंवा 3" चं म्हणाल तर पहिल्या नोटिशीला ज्या 6 जणांकडे मेसेज पोहोचला होता त्यांची उत्तरं अशी होती: "अरेरे", "काळजी घ्या", हात जोडलेली इमोजी, आणि एकाचं "ओके". या ओकेचं काय करायचं? रिफंड हवाय की तारीख? आकडा मागितला तर आकडा येतो. दुसऱ्या नोटिशीनंतर पहिल्या रात्रीच नऊ उत्तरं आकड्यात आली.

पोर्टलवाल्या पाच जणांना मात्र वेगळा मजकूर, आणि पहिलीच ओळ: "कृपया तुम्ही स्वतः कॅन्सल दाबू नका." कारण पाहुण्याने आपणहून रद्द केलं की पोर्टलच्या हिशोबात ते पाहुण्याचं कॅन्सलेशन होतं, आणि नॉन-रिफंडेबल दराने घेतलेलं असेल तर त्याचे पैसे कापले जातात. मालकाकडून रद्द झालंय हे नोंदवलं जायला हवं. त्यासाठी पोर्टलच्या हेल्पलाईनला आम्ही फोन करून फोटो पाठवले, प्रॉपर्टी राहण्यालायक नाही असं लिहून दिलं. काही ठिकाणी मालकाला थेट रद्द करता येत नाही, विनंती पाठवायची आणि पाहुण्याने ती मान्य करायची, त्यामुळे पाहुण्याला आधी सांगून ठेवायचं की अशी विनंती येईल, ती स्वीकारा. आणि आगाऊ भरलेले पैसे पोर्टलकडे असतात, आमच्याकडे आलेलेच नसतात, तर "आम्ही 3 दिवसांत देऊ" हे त्यांना लिहायचं नाही, ते पोर्टलच्या वेळेने येणार. पहाटे 5:20 चा तो मुलगा यातच होता. तो म्हणाला मला वाटलंच होतं, इतकी छान रूम इतक्या लवकर कशी मिळाली.

रिफंडमध्ये एक ठिकाणी सांभाळलं. एका बुकिंगला बायकोने चॅट केलेलं, पैसे नवऱ्याच्या खात्यातून आलेले, आणि आता तिसऱ्याच नंबरवर टाका म्हणून मेसेज आला. खरा होता की खोटा माहीत नाही, पण आम्ही ज्या खात्यातून आले त्याच खात्यात टाकतो हे नोटिशीतच लिहिलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायला जड गेलं नाही. प्रत्येकाला पाठवल्यावर यूपीआयचा व्यवहार क्रमांक चॅटवर टाकला, शीटमध्ये पण. आमची उलाढाल लहान आहे, जीएसटी नोंदणी नाही. ज्यांची आहे आणि ज्यांनी ॲडव्हान्सवर पावती व्हाउचर दिलंय त्यांनी परतावा देताना रिफंड व्हाउचर काढायचं लक्षात ठेवावं, नाहीतर वर्षअखेरीला हिशोब जुळत नाही.

आता तारखेबद्दल, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथे चाललं. 20 सप्टेंबर ही तारीख आली कुठून? मामा म्हणत होता चिखल चार दिवसांत निघेल, 5 तारखेला उघडू. चिखल खरंच पाच दिवसांत निघाला. पण वायरमन म्हणाला, भिंतीतल्या पाईपात आणि बोर्डात पाणी गेलंय, उघडं ठेवून वाळू द्या, मग अर्थिंग तपासून लाईन चालू करतो. आणि विहीर. पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून, ब्लिचिंग पावडर टाकून, परत भरू देऊन, मग नमुना घ्यायचा. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला न्यावा लागतो, आणि रिपोर्टला तीन-चार दिवस जातात. नापास झाला तर परत पहिल्यापासून. हे सगळं धरलं तर 15 च्या आत शक्यच नव्हतं, पाच दिवस वर ठेवले. शिवाय मधे पितृपक्ष, तेव्हा आमच्याकडे तसेही लोक कमी येतात, त्यामुळे तारीख लांब ठेवायला फार जीवावर आलं नाही हे खरं सांगतो.

आणि 20 नंतरच्या आठ जणांना काय लिहायचं? पहिल्या "पुढील सूचनेपर्यंत बंद" ने इथे घोळ झालेला. एका कुटुंबाने 4 ऑक्टोबरला लॉन साखरपुड्यासाठी घेतलं होतं, त्यांना तो मेसेज मिळाला (मिळालेल्या सहांत नेमके हे) आणि मुलीचे वडील दुपारीच गावात हजर, गाडी पलीकडे लावून ट्रॅक्टरवर बसून आले, पत्रिका छापायला गेल्यात म्हणाले. त्यांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. मग या आठ जणांना वेगळी नोटीस केली: तुमची बुकिंग आज चालू आहे, रद्द केलेली नाही, पण पूर आला होता हे तुम्हाला माहीत असावं, पाण्याचा रिपोर्ट बघून 14 सप्टेंबरला दुपारपर्यंत नक्की हो की नाही कळवू, तोपर्यंत थांबायचं नसेल तर आजच पूर्ण पैसे परत घेऊ शकता. उघडायची तारीख मला सांगता येत नव्हती, पण मी त्यांना कधी सांगणार ती तारीख सांगता येत होती, आणि तेवढ्यावर आठही जण थांबले.

14 ला रिपोर्ट नापास आला. कोलिफॉर्म, म्हणजे घाण पाण्यातले जंतू, सापडले. मामा म्हणाला टँकर आणू, बाहेरचं पाणी वापरू, उघडू. पण आंघोळीला, भांड्यांना, चुलीवरच्या स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी लागतं आणि एक जरी पाहुणा आजारी पडला तर काय. बंद 30 पर्यंत वाढवलं. 20 ते 30 मध्ये तीन बुकिंग होत्या, त्यांना 14 लाच दुपारी फोन करून तेच तीन मार्ग दिले, दोघांनी पैसे घेतले, एकाने तारीख. उरलेल्या पाचांना "1 ऑक्टोबरपासून चालू, तुमची बुकिंग पक्की" असं पाठवायची इच्छा झाली होती, ती दाबली, आणि दुसरा रिपोर्ट 24 ला पास आल्यावरच पाठवलं. नवरात्र बसल्यावर उघडलं. 4 तारखेचा साखरपुडा झाला, लॉनला अजून हिरवळ नव्हती, मंडपाखाली पसरलेला गालिचा आम्ही दिला.

पहिल्या 15 चा हिशोब असा लागला: 7 जणांना पैसे परत, त्यातले दोघे उत्तरच न देणारे; 5 जणांनी तारीख बदलली; 2 दुसरीकडे गेले, एक नाशिकच्या ताई आणि एक पोर्टलवाला; आणि 1 शिल्लक. तारीख बदलणाऱ्यांत चौघांना डिसेंबरचा एकच शनिवार हवा होता, हे मी लिहिताना बघायला हवं होतं. त्या रात्री 9 पैकी 6 रूम अशा गेल्या असत्या की निम्मे पैसे आधीच गाद्यांत खर्च झालेले आणि जेवणाचा खर्च मात्र ताजा. दोघांना विनंती करून जानेवारीत नेलं, त्यांना सकाळच्या हुरड्याचं कबूल केलं. आता नोटिशीत एक ओळ वाढवली आहे, की बदललेल्या तारखांसाठी रात्रीला 4 रूमपर्यंत, आधी कळवेल त्याला आधी.

उरलेला 1 म्हणजे ते रोखीवाले आबा. धरणगावकडचे, जुलैत एकदा रस्त्याने जाताना आत आले, म्हातारीला घेऊन 9 सप्टेंबरला येतो म्हणाले, 1,400 रुपये मोजून दिले. जिभाऊंनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि नंबर घेतला तो पुतण्याचा. शीटमध्ये मी "धरणगाव आबा, 1 रूम, रोख" एवढंच टाकलेलं, नंबर रजिस्टरमध्येच. ते पान मामीने तव्याच्या उबेवर वाळवलं, दहापैकी सात आकडे दिसतात, मधले तीन गेले. 9 तारखेला जिभाऊ दिवसभर गेटवर खुर्ची टाकून बसले होते, कोणी आलं नाही. पुराचं त्यांना कळलं असेल बहुतेक, बातमी सगळीकडे झाली होती. 1,400 रुपये पाकिटात घालून मामाने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेत, पाकिटावर धरणगाव आणि तारीख, आणि रोख घेताना आता जिभाऊ नंबरवर तिथल्या तिथे एक मिस कॉल देतात.